गल्लीला पाठवलेला पाण्याचा निरोप

तुम्ही दोघांनी परवा व्हिडिओवर विचारलंत, "आजी, तू गल्लीच्या ग्रुपमधून बाहेर का पडलीस?" मी बाहेर पडले नाही, मला काढलं. तुमच्या आईला मी एवढंच सांगितलं होतं की पाण्यावरून थोडी बोलाचाली झाली. ते खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी तुम्हाला वेगळं सांगितलं तर ताडून बघता येईल. आयुष्यभर शाळेची सर्क्युलरं मी इंग्रजीत लिहिली. हे मराठीत लिहिते आहे, कारण भांडण मराठीत झालं. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

आपली गल्ली चढावर आहे हे तुम्हाला आठवत असेल. लहानपणी तुम्ही वरून खाली चेंडू सोडायचात आणि तो थेट दोन नंबरच्या फाटकात जाऊन आपटायचा. खालून वर सात घरं. एक आणि पाच वर्षातले दहा महिने बंद. तीन नंबरचे नवरा-बायको पुण्याला नोकरीला जातात, ते कोणाच्या अध्यात नाहीत. दोन नंबरला बँकेतून निवृत्त झालेले साहेब राहतात. ग्रुप त्यांनी काढला, त्यामुळे ते त्याचे मालक आहेत असं त्यांना वाटतं. चार नंबरचा बंगला मुंबईच्या माणसाचा. तो शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्याने जातो आणि त्याची देखभाल एक केअरटेकर करतो. सहा नंबर आपलं. आणि सर्वात वर, सातव्या घरात मावशी.

मावशी मूळच्या इथल्याच, जवळच्या औंढे गावच्या. त्यांच्या मालकांना, म्हणजे आबांना, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं अंथरुणातच होतं, त्यामुळे रोज दोन चादरी, एक गोधडी आणि अंगावरचे कपडे धुवावे लागतात. पाणी नसलं की मावशी खालच्या रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावरून आणतात. चढ तुम्हाला माहीत आहे. मावशींचा गुडघा तुम्हाला माहीत नाही. तो जिना उतरताना आवाज करतो, मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.

मावशींच्या नळाला पाणी आधीपासूनच कमी यायचं, गेल्या उन्हाळ्यात ते जवळजवळ बंद झालं. तासाभरात एक बादली, तीही काठोकाठ नाही.

आता मला पहिली चूक सांगायची आहे. ती गल्लीत कोणाला माहीत नाही, मावशी सोडून. त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमच्याकडं पानी कसं वो एवढं येतं? आपून तर शेजारी." मी त्यांना ऐकवलं की पाइप जुना झाला की आतून गंजतो, भोक बारीक होतं, आमच्या ह्यांनी वेळच्या वेळी चांगला पाइप घातला, तुम्हीही बदलून घ्या. मी हे ज्या आवाजात सांगितलं असेल तो आवाज तुमच्या आईला चांगला ठाऊक आहे. मावशींचा मुलगा दोन दिवस रजा काढून आला, अंगण खणलं, मुख्य लाइनीपासून घरापर्यंत नवा पाइप घातला. पाणी आलं नाही. त्यानंतर मावशींनी कुंपणावरून कढीपत्ता मागणं बंद केलं.

मग माझा संशय खाली गेला. सकाळी पाणी सुटलं की दोन नंबर आणि चार नंबरमधून मोटरचा आवाज यायचा. नळाच्या लाइनीवर थेट मोटर लावायची नसते, हा नियम आहे. आलेलं पाणी आधी जमिनीखालच्या हौदात पडू द्यायचं आणि मग हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, ही रीत. मोटर थेट लाइनीला जोडली की ती सगळ्या गल्लीचं पाणी आपल्याकडे ओढते आणि चढावरच्या नळातून नुसती हवा येते. आमच्याकडे मोटर होती, पण ती हौदावर होती. अंगणात लोखंडी झाकण आहे ना, ज्यावर माझ्या शेवंतीच्या कुंड्या असतात, त्याच्याखाली हौद. मोटरच्या बटणाशेजारी तुमच्या आजोबांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी मोटर चालू. पाणी जाताच बंद. विसरू नये." ते गेल्यापासून नऊ वर्षं मी एकही दिवस विसरले नाही.

एका सोमवारी मी पालिकेच्या पाणीपुरवठा खात्याला फोन केला. समोर वही ठेवली होती. आधी लिपिकाने उचलला, मग त्यांनी अभियंत्यांना दिला. तरुण आवाज होता, घाईत होता, पण उर्मट नव्हता. मी प्रश्न लिहूनच ठेवले होते. ते उत्तर देत गेले, मी लिहीत गेले आणि शेवटी मीच म्हणाले, "आता मी सगळं परत वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा."

"मॅडम, तुम्ही नोकरीला कुठे होतात?"

"शाळेत."

"वाटलंच," ते म्हणाले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

त्याच दुपारी मी ग्रुपवर निरोप पाठवला. तो माझ्या वहीत जसाच्या तसा आहे, म्हणून इथे उतरवते:

"सर्व शेजाऱ्यांना नमस्कार. आज सकाळी पाणीपुरवठा खात्याशी फोनवर बोलणे झाले. त्याचा गोषवारा असा:

१. आपल्या भागाला पाणी रोज एकदा, सकाळी साडेसहा ते साडेसात. खालच्या भागाचा व्हॉल्व्ह आधी बंद करून मग आपला उघडतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे होऊ शकते.

२. गुरुवारी देखभालीसाठी पुरवठा बंद. शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल.

३. पंपिंगची वीज गेल्यास टाकी भरत नाही. त्या दिवशी वेळ पाळली जाईलच असे नाही. त्याची तक्रार करू नये, चौकशी करावी.

४. तक्रार कशी करावी: कार्यालयीन वेळेत फोन करावा किंवा समक्ष जावे. नळजोडणी क्रमांक (पाणीपट्टीच्या बिलावर वरच्या कोपऱ्यात छापलेला असतो), पत्ता आणि नेमकी अडचण सांगावी: पाणी येतच नाही, दाब कमी आहे, गढूळ आहे की गळती आहे. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. क्रमांक घेतला नाही तर तक्रार केली नाही असेच समजावे.

५. सात दिवसांत काही न झाल्यास मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा आणि जपून ठेवावी.

६. घर क्रमांक सातला पाणी पोहोचत नसल्याची तक्रार मी नोंदवली आहे. लाइनीवर थेट मोटर लावणे बेकायदा आहे. सापडल्यास मोटर जप्त होते, पुन्हा सापडल्यास जोडणी तोडतात. उद्या मंगळवार व परवा बुधवार, पाणी सुटल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खात्याचा फिटर येऊन प्रत्येक घर तपासणार आहे. सर्वांनी सहकार्य करावे."

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. अभियंत्यांनी मला तपासणीचा दिवस सांगितला तो तक्रारदार म्हणून. मी घरी असावं आणि फिटरला मावशींचा नळ दाखवावा म्हणून. "कोणाला सांगू नका" असं ते म्हणाले नाहीत. एवढं सांगायची गरज त्यांना वाटली नसेल. पण मी चाळीस वर्षं परीक्षेच्या, सुट्टीच्या आणि तपासणीच्या नोटिसा काढल्या होत्या. अधिकारी येणार असले की आधी सर्वांना कळवायचं, ही माझी सवय. वहीत सहा मुद्दे होते, मी सहाही पाठवले.

ग्रुपवर पाच मिनिटांत चार अंगठे उमटले. दोन नंबरच्या साहेबांनी लिहिलं, "अत्यंत उपयुक्त माहिती. आपले मनःपूर्वक आभार, मॅडम." एवढी गोड भाषा त्यांनी माझ्याशी त्याआधी वापरली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

मावशींकडे साधा फोन आहे, त्या ग्रुपवर नाहीत. मी स्वतः वर जाऊन त्यांना निरोप वाचून दाखवला. त्या आबांची चादर पिळत होत्या. पहिले पाच मुद्दे त्यांनी मान हलवत ऐकले. सहावा ऐकला आणि चादर तशीच बादलीत सोडली.

"ह्ये समद्यांना धाडलंत?"

"हो. सर्वांना माहीत असलेलं बरं."

"चोराला सांगून ठिवलं म्हना की, उंद्या शिपाई येनार हाय म्हनून."

"मावशी, कायदा माहीत झाला की लोक आपणहून—"

"बाई, तुमी लय शिकलेल्या," त्या म्हणाल्या, चादर पुन्हा उचलली आणि माझ्याकडे पाठ केली.

मी खाली आले. आता खरं सांगायचं तर मला राग आला होता. वाटलं, यांच्यासाठीच धडपड करायची आणि यांचंच ऐकून घ्यायचं.

मंगळवारी फिटर आला नाही. दुसरीकडे पाइप फुटला होता असं नंतर कळलं. बुधवारी सकाळी सहा पन्नासला त्याची दुचाकी खाली थांबली. पाणी साडेसहालाच सुटलं होतं. मी नियमाप्रमाणे सहा चाळीसला आमची मोटर लावली होती आणि वही घेऊन फाटकात उभी होते. दोन नंबरला तो पाच मिनिटं होता. चार नंबरला दहा मिनिटं. तिथला केअरटेकर त्याला सगळीकडे स्वतः फिरवत होता, गच्चीसुद्धा दाखवली. कुठेही मोटरचा आवाज नव्हता. गल्ली इतकी शांत होती की एकच मोटर ऐकू येत होती.

आमची.

फिटर पन्नाशीचा माणूस, मूळचा जवळच्या कुरवंडे गावचा. आत आला, मोटरजवळ वाकला, पाइपवरून हात फिरवत गेला आणि भिंतीपाशी थांबला.

"आजी, हौद कुठाय?"

"ते काय, कुंड्यांखाली."

"कुंड्या काढू का?"

त्याने कुंड्या हलवल्या. झाकण गंजून बसलं होतं, पहारीने उचकटावं लागलं. आत वाळलेली पानं होती आणि कोपऱ्यात एक बेडूक. हौदाच्या तळाला हातभर लांब भेग होती. भिंतीतून येणारा पाइप बूच मारून बंद केलेला होता. नळाची लाइन हौदात येतच नव्हती. ती भिंतीतूनच वळून थेट मोटरला गेली होती.

"मोटर डायरेक्ट हाय," तो म्हणाला. "किती वर्षं चालतंय असं?"

त्याने बटणाशेजारची चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली असावी, कारण त्याला वेळ लागला.

"पानी जाताच बंद," तो म्हणाला. "आजी, हौदावरची मोटर पानी गेल्यावर बंद कशाला करायची? हौदात पानी असतंच की. ज्यांनी लिहिलं त्यांना ठाव होतं."

मुलांनो, ती चिठ्ठी मी नऊ वर्षं रोज वाचत होते. शाळेत कोणा मुलाने असं वाक्य लिहिलं असतं तर मी समासात विचारलं असतं, का? तुमच्या आजोबांना मी कधी विचारलं नाही. हौदाला भेग गेली असणार, दुरुस्ती करायची राहिली असणार, कोणा प्लंबरने सुचवलं असणार. त्यांनी मला सांगितलं नाही हे मला अजून बोचतं. पण त्याहून जास्त हे बोचतं की सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मावशी तेव्हाही वरच राहत होत्या.

फिटरने मोटर बंद केली, सोडवली, कागदावर पंचनामा लिहिला. माझी सही घेतली. मी सही करत असताना वरून मावशींच्या नळाचा आवाज आला. आधी खरखर, मग फुत्कार, मग बादलीच्या तळावर पाण्याचा दणका. फिटर वर गेला, मीही मागे गेले. बादली मिनिटभरात भरली. मावशी नळाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं, मग फिटरच्या हातातल्या मोटरकडे.

"ही कुनाची?"

मी म्हणाले, "माझी."

"म्हंजी माझ्या पान्यावर तुमचीच मोटर हुती व्हय? आन् मला सांगत हुता पाइप बदल म्हनून?"

आतून आबांनी काहीतरी आवाज काढला. त्यांना स्पष्ट बोलता येत नाही. मावशींनी तिकडे न बघता सांगितलं, "काय न्हाई वो, पानी आलंय. शेजारच्या बाईंनी सोडलंय."

तुमच्या आजीने आयुष्यात खूप उलटउत्तरं ऐकली आहेत. असं एकही नाही.

घरी येऊन फोन बघितला तर ग्रुपवर आधीच फोटो पडला होता. फिटर आमच्या फाटकातून मोटर घेऊन बाहेर पडतोय. चार नंबरच्या केअरटेकरने गच्चीवरून काढला असावा. खाली एकेक येत होतं.

"तपासणी यशस्वी! सहकार्याबद्दल सर्वांचे आभार."

"मुद्दा क्रमांक सात: आधी आपल्या घरात बघावे."

साहेबांनी लिहिलं, "मॅडम, उपदेश करणे सोपे असते. असो." ते असो मी अजून विसरलेले नाही.

मी उत्तर लिहिलं: "आमची मोटर थेट लाइनीवर होती हे खरे आहे. मला ठाऊक नव्हते, पण ती सबब नाही. इतर घरांनी आपापल्या मोटरी तपासणीपुरत्या काढल्या आणि पुन्हा लावणार आहेत, हेही खरे आहे." यावर एकही अंगठा आला नाही.

गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी कमी दाबाने आलं, तरी मावशींच्या दोन बादल्या झाल्या. शनिवारी सकाळी सहा पस्तीसला दोन नंबरची मोटर सुरू झाली, सहा चाळीसला चार नंबरची. चार नंबरला पाहुणे होते, सहा गाड्या गल्लीत आडव्यातिडव्या लावलेल्या. सगळे भुशी धरणावर जायला निघायच्या आधी आंघोळी उरकत होते. आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली आणि मावशींचा नळ बंद पडला. आता माझ्याकडे ओढायला मोटर नव्हती, त्यामुळे त्यांना काय दिसत असे ते मला पहिल्यांदा दिसलं.

मी चार नंबरला गेले. केअरटेकर चहाचे कप घेऊन बाहेर आला.

"मोटर बंद करा."

"आजी, पंधरा गेस्ट आहेत. त्यांना काय, बिसलरीने आंघोळ घालू?"

"वर एक माणूस अंथरुणाला खिळलेला आहे."

"मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?" तो हसून म्हणाला. आतून कोणीतरी गरम पाण्याबद्दल ओरडलं आणि तो गेला.

मी वाद घातला नाही. सोमवारी तक्रार क्रमांक सांगून खात्यात चौकशी केली. लिपिक म्हणाले, ती तक्रार बंद झाली: थेट मोटर आढळली, जप्त केली, शेवटच्या नळाला पाणी पोहोचले. कागदावर सगळं खरं होतं. आता पाचवा मुद्दा उरला होता.

मी अर्ज लिहिला, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रतींत. तारीखवार मांडलं: कोणत्या दिवशी मावशींची एक बादली भरायला किती मिनिटं लागली, त्या वेळी कोणत्या घरातून मोटरचा आवाज येत होता. बुधवारची एक मिनिटाची बादलीही लिहिली, आणि ती कोणाची मोटर काढल्यावर भरली तेही. शेवटी लिहिलं की मागची तपासणी माझ्या चुकीने आधी जाहीर झाली. पुढची कोणत्याही शनिवारी, मलासुद्धा न कळवता करावी. सहीसाठी वर गेले. मावशींनी कागद घेतला नाही.

"वाचा."

मी वाचला. "माझ्या चुकीने" आलं तिथे त्यांनी मला थांबवलं.

"ह्ये परत वाचा."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं असतं तर वाचलं असतं. मग त्यांनी पदराला हात पुसून सही केली. चौथीपर्यंतची सही, प्रत्येक अक्षर सुटं. "ह्यात काय कुनाला आधी सांगनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"ग्रुपवर?"

"नाही."

"बगू."

रिक्षाने गेले, आवक शिक्का मारून घेतला, प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली. दोन शनिवार गेले. मावशी खालच्या नळावरून कळशी घेऊन माझ्या फाटकावरून जाताना मुद्दाम थांबून दम घ्यायच्या. मी बाहेर आले की निघायच्या. एकदा मी म्हटलं, "द्या, एक कळशी मी घेते." त्या म्हणाल्या, "नगं. तुमी कागद सांभाळा."

तिसऱ्या शनिवारी सहा पंचेचाळीसला फिटर आला. बरोबर दोन माणसं आणि खात्याची गाडी. मला खरंच माहीत नव्हतं. मी कणीक मळत होते. आधी ते थेट वर गेले, मावशींचा कोरडा नळ बघितला, मग चार नंबरला उतरले. तिथे मोटर सुरू होती आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. दोन नंबरला मोटर पोत्याखाली झाकलेली होती, पण गरम होती. दोन्ही मोटरी गाडीत चढल्या. केअरटेकर फोनवर मालकाशी बोलत गल्लीत येरझारा घालत होता आणि पाहुणे अंगाला साबण लावून खिडकीतून डोकावत होते.

साहेब नाइट ड्रेसवरच फाटकात आले. माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "या वेळी गोषवारा नाही पाठवलात, मॅडम?"

"नाही."

"शेजारधर्म म्हणून काही असतो."

"तो वर सातव्या घरात विचारा," मी म्हणाले.

अर्ध्या तासात मला ग्रुपमधून काढलं. काढायच्या आधी साहेबांनी लिहिलं होतं की काही व्यक्ती गल्लीतली शांतता बिघडवत आहेत. वरच्या नळाला पाणी धो धो येत होतं, त्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

हे सगळं घडून चार महिने झाले. दोन नंबरचे लोक माझ्याकडे बघत नाहीत. तीन नंबरची मुलगी फाटक उघडताना हळूच हसते, पण फक्त नवरा बरोबर नसला तर. चार नंबरच्या पाहुण्यांना म्हणे केअरटेकर सांगतो, ती वरची म्हातारी तक्रारखोर आहे, तिच्या दारात गाडी लावू नका. निदान दार मोकळं राहतं.

हौदाची भेग मी बुजवून घेतली. मोटर खात्यातून सोडवून आणली, आता ती खरोखर हौदावर आहे. पाणी आपल्या गतीने हौदात पडतं, भरलं की मी टाकीत चढवते, घाई नसते. तुमच्या आजोबांची चिठ्ठी काढली. फेकली नाही, वहीत ठेवली आहे. त्या जागी दुसरी लावली नाही.

एक अडचण राहिली. ग्रुपवर नसल्यामुळे पाणी उशिरा येणार असेल तर मला कळत नाही. आता ते निरोप साहेब पाठवतात म्हणे. माझाच गोषवारा, सहावा मुद्दा गाळून. मी मावशींना एकदा म्हटलं होतं की मला वेळेचा अंदाज येत नाही. अजूनही त्या माझ्या घरात येत नाहीत, कढीपत्ता मागत नाहीत, आणि नव्या पाइपचा विषय निघाला की अंगणातल्या त्या बुजवलेल्या चराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी तिथून निघून जात नाही. बघू दे.

पण सकाळी त्यांच्या नळाला धार लागली की त्या आबांच्या चादरीची बादली नळाखाली सरकवतात आणि पळीने कुंपणाच्या लोखंडी खांबावर दोनदा ठोकतात. पाणी आधी माझ्या घरावरूनच वर जातं, म्हणजे त्यांच्याकडे आलं तर माझ्याकडे आलेलंच असतं; हे त्यांना माहीत आहे. तरी ठोकतात. मी आतून "कळलं" म्हणून ओरडते. मग बराच वेळ नुसता बादली भरल्याचा आवाज येत राहतो आणि मी वहीत वेळ लिहिते.